कप्पीचा दोर आणि चाळीसपटीचा हिशेब

लहान बांधकामावर विटा आणि सिमेंट वरच्या मजल्यावर चढवण्यासाठी जी कप्पी आणि जो दोर वापरतात, त्यांची रोज काम सुरू होण्यापूर्वी तपासणी व्हावी, एका खेपेला किती वजन चढवायचे याची मर्यादा ठरवून ती पाळण्यावरच रंगाने लिहावी, आणि ती मर्यादा मोडली जात असेल तर काम थांबवण्याचा अधिकार मुकादमाला स्पष्ट शब्दांत द्यावा, अशी सूचना मी एका व्याख्यानात केली होती. तिच्यावर आमच्याच जिल्ह्यातील एका वयोवृद्ध ठेकेदारांनी जाहीर आक्षेप घेतला आहे. या गृहस्थांची सचोटी सर्वश्रुत आहे, त्यांनी बांधलेली घरे चांगली उभी आहेत, आणि आपल्या मजुरांविषयी त्यांना खरोखर आस्था आहे. म्हणूनच त्यांच्या मताचा परिणाम मोठा होतो, आणि म्हणूनच त्याचा सविस्तर प्रतिवाद करणे मला कर्तव्य वाटते.

त्यांचे म्हणणे थोडक्यात, पण त्याचा जोर कमी न करता, मी येथे मांडतो. १६ मिलिमीटर जाडीचा मनिला दोर नवा असताना सुमारे दोन हजार किलो वजनाला तुटतो. सिमेंटची गोणी पन्नास किलोची असते. म्हणजे गरजेच्या चाळीसपट शक्ती दोरात आहे, आणि जेथे चाळीसपट शक्ती हाताशी आहे तेथे रोज सकाळी दोर चाचपत बसणे हा वेळेचा अपव्यय आहे. तपासण्यांचे दस्तऐवज उंच इमारतींच्या मोठ्या कामांना शोभतात; सात-आठ माणसांच्या, दुमजली-तिमजली घराच्या कामाला ते परवडत नाहीत. आणि शेवटी, आपल्या दीर्घ अनुभवाचा दाखला देऊन ते सांगतात की त्यांच्या कामावर दोर कधीच तुटला नाही. जे काही अपघात त्यांनी पाहिले ते सर्व मजुरांच्या हलगर्जीपणामुळे झाले. आपल्या आजोबा-पणजोबांनी पिढ्यान्पिढ्या याच कप्पीवर मोट ओढली, त्यांना कोणी दोराचा दाखला मागितला नव्हता, अशी पुस्तीही त्यांनी जोडली आहे.

प्रथम त्या चाळीस या आकड्याकडे वळू, कारण सगळ्या आक्षेपाचा पाया तोच आहे. दोन हजार किलो हा आकडा चुकीचा नाही. परंतु तो कोणत्या दोराचा आकडा आहे? तो नव्या, कोरड्या, सरळ ताणलेल्या, गाठ नसलेल्या आणि हळूहळू भार चढवून तोडलेल्या दोराचा आहे. बांधकामावरचा दोर यांपैकी एकही अट पूर्ण करीत नाही, आणि पन्नास किलो हा तर प्रत्यक्षातला भारही नव्हे.

भाराचाच विचार आधी करू. गोणी एकेक चढवली जाते तेव्हा पन्नास किलो हे खरे. पण वीटकामाच्या दिवसांत कप्पीवरून जाते ती गोणी नसते, विटांनी भरलेला फळ्यांचा पाळणा असतो. आपल्याकडील भाजलेली वीट साधारण तीन किलोची धरली, तर तीस विटांचे नव्वद किलो होतात. वीट लावण्यापूर्वी भिजवतात, आणि चांगली वीटसुद्धा आपल्या वजनाच्या दशांशाहून अधिक पाणी सहज पिते; पंधरा टक्के धरले तर ते नव्वद किलो एकशेतीनच्या पुढे जातात. पाळण्याचे आणि साखळीचे सात किलो त्यात मिळवा, म्हणजे दोराच्या टोकाला एकशेदहा किलो लटकतात. चाळीसपट होती ती येथेच अठरापट झाली, आणि अजून आपण दोराला हात लावलेला नाही.

आता दोर. त्याच्या टोकाला पाळण्याची कडी अडकवायची म्हणून गाठ मारली जाते. गाठीत दोराचे पेड इतक्या तीव्र वळणाने वाकतात की बाहेरच्या पेडांवर सर्व ताण येतो आणि आतले पेड जवळजवळ रिकामे राहतात. म्हणून गाठ असलेला दोर आपल्या मूळ शक्तीच्या सुमारे निम्म्या भाराला गाठीच्या तोंडाशीच तुटतो. पेड उलगडून, ते पुन्हा दोराच्या अंगात विणून, आत लोखंडी कडे बसवून जो फासा करतात तो मूळ शक्तीचा बहुतेक भाग राखतो. पण असा फासा करणारा माणूस लहान कामावर मला क्वचितच भेटला आहे. तेव्हा दोन हजारांचे एक हजार झाले, आणि अठरापटीची नऊपट.

त्यानंतर येते वय. मनिलाचा दोर पावसात भिजतो, गोणपाटाखाली ओलाच गुंडाळून ठेवला जातो आणि आतून कुजतो. सिमेंटची आणि वाळूची पूड पेडांच्या मध्ये शिरते, आणि प्रत्येक वेळी दोर चाकावर वाकला की ते कण आतल्या तंतूंना कानशीसारखे घासतात. बाहेरून दोर भरीव दिसतो, आतून तो पीठ झालेला असतो. प्लॅस्टिकचा निळा वा पिवळा दोर कुजत नाही हे खरे, पण त्याला उन्हाचा रोग आहे: एक-दोन उन्हाळे उघड्यावर काढले की त्याचे बाहेरचे तंतू ठिसूळ होतात, नखाने ओढताच तुटतात आणि हाताला पांढरी पूड लागते. किती शक्ती उरली हे कोणी डोळ्यांनी सांगू शकत नाही. पण एक हंगाम वापरलेल्या दोराची चाळीस टक्के शक्ती गेली असे धरले तर त्यात अतिशयोक्ती नाही. आणि मग एक हजाराचे सहाशे उरतात.

कप्पीचे चाकही आपला वाटा घेते. तंतूंच्या दोरासाठी चाकाचा व्यास दोराच्या जाडीच्या निदान आठपट असावा असा सर्वमान्य संकेत आहे. १६ मिलिमीटरच्या दोराला म्हणजे पाच इंची चाक हवे. हार्डवेअरच्या दुकानात स्वस्त म्हणून जी ओतीव लोखंडाची तीन इंची कप्पी मिळते, ती बारीक दोराने विहिरीचे पाणी काढण्यासाठी आहे. तिच्या खाचेत सोळाचा दोर नीट बसतही नाही, कडांवर घासत राहतो. याचा हिशेब मी वेगळा धरत नाही, तो वर धरलेल्या चाळीस टक्क्यांत आला असे मानतो.

सहाशे किलोचा दोर आणि एकशेदहा किलोचा पाळणा, म्हणजे साडेपाचपट. ठेकेदार महाशय म्हणतील की हेही पुष्कळ आहे. स्थिर लटकत्या भारासाठी ते पुष्कळ आहे. पण पाळणा वर पोचल्यावर काय होते ते पाहा. वरचा माणूस हात लांब करून पाळणा स्लॅबच्या कडेवर ओढून घेतो, खालच्यांना वाटते की तो टेकला, ते दोर सैल सोडतात, आणि त्याच क्षणी पाळण्याची कड निसटते. अर्धा मीटर मोकळा पडून तो दोराने अडवला जातो. सुमारे दहा मीटर लांबीचा मनिलाचा दोर अशा झटक्यात किती ताणतो याचा हिशेब केला, तर एकशेदहा किलोचा पाळणा दोरावर क्षणभर पाचपट, म्हणजे साडेपाचशे किलोच्या आसपास ताण आणतो. उरलेली शक्ती सहाशेची होती. ती चाळीसपट या एका निसटण्यात जवळजवळ एकावर आली; आणि दोर दहाऐवजी पाच मीटर असता तर झटका याहून मोठा असता, कारण आखूड दोराला लवण्यासाठी जागा नसते.

तपासणीचा अर्थ हाच आहे की वरील हिशेबातील ज्या वजाबाक्या आपल्या हातात आहेत, त्या होऊ द्यायच्या नाहीत. आणि ती तपासणी म्हणजे काही प्रयोगशाळेतले काम नव्हे. दोर संपूर्ण लांबीभर हातातून सरकवायचा. जेथे तो बारीक, टणक किंवा मऊ लागेल तेथे थांबायचे. दर हातभर अंतरावर दोर उलट्या दिशेने पिळून पेड उघडायचे आणि आत पाहायचे: आतले तंतू उजळ, लांब आणि चिवट असले तर दोर जिवंत आहे, काळपट दिसले, बुरशीचा वास आला किंवा पेड उघडताच आतून पूड गळली, तर बाहेरचे रूप कितीही चांगले असो, तो दोर भारासाठी मेला. प्लॅस्टिकच्या दोरावर एखादा भाग काचेसारखा गुळगुळीत आणि कडक दिसला तर तेथे दोर वेगाने सरकून घर्षणाने वितळला आहे असे समजावे. पाळण्याकडचे पहिले दोन मीटर सर्वांत आधी झिजतात, म्हणून तेवढे कापून टाकावेत आणि नंतर दोराचे टोक फिरवून घ्यावे. पंचवीस मीटरच्या दोराला या सर्वाला दहा मिनिटे लागतात. अपात्र ठरलेला दोर मात्र त्याच ठिकाणी तुकडे करून टाकला पाहिजे. कोपऱ्यात ठेवलेला वाईट दोर घाईच्या दिवशी हमखास परत कामावर येतो.

इतके सांगूनही मी एक गोष्ट मान्य करतो, आणि ती माझ्या प्रतिपक्षाच्या बाजूची आहे: त्यांच्या कामावर दोर तुटला नाही हे त्यांचे विधान मला पूर्ण विश्वासार्ह वाटते. माझ्या पाहण्यातही दोर तुटण्याचे प्रसंग थोडे आहेत. पण त्यावरून ते जो निष्कर्ष काढतात तो उलटा आहे. दोर तुटत नाही याचे कारण बहुतेक वेळा दोराआधी दुसरे काहीतरी हार मानते हे आहे. आणि त्या दुसऱ्या गोष्टीकडे लक्ष जाऊ नये याची तजवीज चाळीसपटीच्या आकड्याने उत्तम केली आहे.

सातारा जिल्ह्यातील एका गावी एका घरावर दुसरा मजला चढत होता. त्या कामावर घडलेला प्रसंग मी तपशिलाने सांगतो, कारण त्यात सर्व प्रकरणाचा उलगडा आहे. कप्पी टांगण्यासाठी गच्चीवरून एक नऊ फुटी बल्ली बाहेर काढली होती: तीन फूट स्लॅबच्या कडेबाहेर, सहा फूट आत. आतल्या टोकावर ती उलटू नये म्हणून सिमेंटच्या चार गोण्या ठेवल्या होत्या. सकाळभर विटांचे पाळणे चढले. दुपारी गवंड्याला माल कमी पडला. खाली जाऊन नवी गोणी आणण्यापेक्षा जवळची बरी म्हणून त्याने बल्लीच्या टोकावरच्या दोन गोण्या उचलल्या आणि फोडल्या. पुढचा पाळणा जमिनीवरून वीतभर उचलला जाताच बल्लीचे आतले टोक वर आले, बल्ली कडेवर फिरली, आणि कप्पीसह वीस फुटांवरून खाली आदळली. खालचे मजूर दोर ओढण्यासाठी भिंतीपासून लांब उभे होते, आणि विटा भरणारी बाई नुकतीच पाण्याच्या पिंपाकडे गेली होती. कोणी दगावले नाही. दोर तसाच्या तसा शाबूत होता, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा कामावर लागला.

आता हिशेब पाहा. दोर चाकावरून जाऊन खाली ओढला जातो तेव्हा कप्पीच्या टांगणीवर केवळ पाळण्याचा भार येत नाही. एका बाजूने पाळणा ओढतो आणि दुसऱ्या बाजूने माणसे तेवढ्याच, किंबहुना आसाचे घर्षण धरता थोड्या अधिक जोराने ओढतात. एकशेदहा किलोच्या पाळण्याला ओढणाऱ्यांना सुमारे एकशेपंचवीस किलोचा जोर लावावा लागतो, आणि टांगणीवर दोन्ही मिळून दोनशेपस्तीस किलो येतात. ही साधी गोष्ट, म्हणजे स्थिर कप्पी टांगणीवरचा भार दुप्पट करते, बांधकामावरच्या दहांपैकी नऊ माणसांच्या ध्यानी नसते. दोनशेपस्तीस किलो, तीन फुटांवर: उलटवणारा जोर सातशेपाच. चार गोण्या, दोनशे किलो, सहा फुटांवर: थोपवणारा जोर बाराशे, आणि बल्लीच्या स्वतःच्या वजनाचे तीसेक. म्हणजे चारही गोण्या असताना हा बंदोबस्त पावणेदोनपटीचा होता. पाळण्याला एक मोठा हिसका बसला असता तरी तो मोडला असता. दोन गोण्या उचलल्यावर थोपवणारा जोर उरला सहाशेतीस, उलटवणारा तोच सातशेपाच. बल्ली उलटणे मग कोणाच्या नशिबावर अवलंबून नव्हते.

या प्रसंगी गवंड्याचा हलगर्जीपणा झाला असे माझे प्रतिपक्षी म्हणतील, आणि त्या कामाच्या ठेकेदारांनी तसे म्हटलेही. मला हे मान्य नाही. ज्या सामग्रीने दिवसभरात खर्च व्हायचे आहे, तीच सामग्री वजन म्हणून ठेवणे हा दोष गवंड्याचा नव्हे, बल्ली मांडणाऱ्याचा आहे. गोणी हे सिमेंट आहे, आणि सिमेंट वापरण्यासाठी असते. ते वापरणाऱ्याला दोष देणे म्हणजे जेथे सापळा मांडला तेथे चालणाऱ्याच्या पायाला दोष देणे होय. बल्लीचे आतले टोक खर्च होणाऱ्या कशानेही दाबू नये. ते स्लॅबच्या वर काढलेल्या कॉलमच्या सळयांना साखळीने जखडावे, किंवा खालच्या मजल्यावरून टेकू उलटा देऊन वरच्या तुळईखाली अडकवावे. वजनच ठेवायचे असेल तर ते काँक्रीटच्या ओतीव ठोकळ्यांचे असावे, बल्लीला बांधलेले असावे, आणि उलटवणाऱ्या जोराच्या निदान चौपट थोपवणारा जोर देणारे असावे. वरील उदाहरणात ते साडेचारशे-पाचशे किलो होतात. हा आकडा पाहून कोणी बिचकेल, आणि त्याने बिचकावे. म्हणजे जखडण्याचा मार्ग त्याला आपोआप सोयीचा वाटेल.

बल्लीनंतर ज्या वस्तू दोराआधी हार मानतात त्यांत आकडा पहिला. दहा मिलिमीटरची सळई थंडच वाकवून केलेला एस आकाराचा आकडा जवळपास प्रत्येक लहान कामावर मी पाहिला आहे. त्याला निसटू न देणारा खटका नसतो, आणि भाराखाली तो तुटत नाही, सरळ होत जातो. प्रत्येक खेपेला केसभर, डोळ्यांना न दिसणारा. त्याचे तोंड मूळ मापाहून थोडेही उघडलेले दिसले तर तो टाकून द्यायचा असतो. पण मूळ माप कोणी नोंदवलेच नसेल तर ते दिसणार कसे? दुकानातला खटक्याचा घडीव आकडा, ज्याच्यावर किती भार पेलतो ते उठवलेले असते, तो एकदाच घ्यायचा आणि त्याच्या तोंडाचे माप पाळण्याच्या फळीवर खिळ्याने कोरून ठेवायचे, एवढेच करायचे आहे. सिमेंटच्या गोणीच्या शिवलेल्या तोंडात आकडा खुपसून ती चढवणे हा प्रकार तर कोणत्याही सबबीखाली चालवून घेऊ नये. शिवण वर गेल्यावर उसवते, खाली असताना नव्हे.

मोटेचा दाखला मी मुद्दाम वेगळा घेतो, कारण त्यात भावनेचा भाग आहे. मोटेचे चाक, नाडा आणि सोंदूर यांच्यावर आमच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या पाणी उपसले, हे खरे. पण मोटेखाली कोणी उभे नसे, तिच्याखाली विहीर असे. नाडा तुटला तर मोट पाण्यात पडे, माणसाच्या डोक्यावर नाही. आणि नाडा ज्याचा, बैल ज्याचे, पीक ज्याचे, तोच धावेवर उभा राही. चाक कुरकुरले तर तो तेल घाली, नाडा विरला तर तो नवा वळे, कारण बिघाडाची किंमत त्यालाच मोजावी लागे. बांधकामावर दोराचा मालक ठेकेदार असतो आणि दोराखाली दुसरेच कोणी उभे असते. हे एवढे अंतर दाखवून दिल्यावर मोटेचा दाखला त्यांच्या बाजूने बोलत नाही.

आता मजुरांच्या हलगर्जीपणाविषयी. पाळण्यात तीसऐवजी पंचेचाळीस विटा भरतो तो मजूरच, यात वाद नाही. पण तो असे का करतो? बहुतेक लहान कामांवर विटा चढवण्याची मजुरी हजारी भावाने ठरते: हजार विटा वर गेल्या की इतके रुपये. एका खेपेला तीस विटा नेल्या तर हजाराला चौतीस खेपा होतात, पंचेचाळीस नेल्या तर तेवीस. ज्याने दर ठरवला त्याने अकरा खेपांची मजुरी पाळणा जास्त भरण्यावर बक्षीस म्हणून लावून दिली, आणि नंतर पाळणा जास्त भरला म्हणून मजुराला दोष दिला. हा दोष करारनाम्यातच लिहिलेला आहे; मजुराने तो केवळ अमलात आणला.

येथे प्रतिपक्षी एक खरा मुद्दा उपस्थित करतात, आणि तो मी टाळणार नाही: खेपेचे वजन कमी केले तर खेपा वाढतात, ओढणारी माणसे थकतात, आणि थकलेल्या हातातून दोर सुटण्याची शक्यता वाढते. ते बरोबर आहे. पण त्यावरचा उपाय पाळणा जास्त भरणे हा नव्हे, दुसरी कप्पी लावणे हा आहे. दोराचे एक टोक वर बल्लीलाच बांधून, दोर पाळण्याच्या वर लटकणाऱ्या सुट्या कप्पीतून नेऊन, मग वरच्या कप्पीवरून खाली आणला, तर तोच एकशेदहा किलोचा पाळणा उचलायला निम्मा, घर्षण धरून सत्तर किलोच्या आतबाहेर जोर पुरतो. दोन माणसे तो सहज ओढतात, आणि बल्लीवरचा भारही दोनशेपस्तीसऐवजी एकशेऐंशीच्या घरात येतो. दोर मात्र जास्त लांब लागतो आणि पाळणा निम्म्या वेगाने चढतो. एवढ्या खर्चात ओढणाऱ्याचे कष्ट आणि टांगणीवरचा ताण दोन्ही एकदम उतरतात, हे ज्यांना महाग वाटते त्यांनी हिशेब पुन्हा करावा. दोर खांबाला एक वेढा घालून सोडण्याची सवय त्याच्या जोडीला लावावी, म्हणजे हात सुटला तरी पाळणा सुटत नाही. मोटारीची लहान लिफ्ट लावून हे सर्व प्रश्न सुटतात असे काहींना वाटते. पण पाळणा परांचीखाली अडकला की माणसाच्या हाताला ते कळते आणि तो थांबतो, मोटारीला ते कळत नाही आणि ती आपला सगळा जोर बल्लीवर काढते. मोटार लावल्यास हे हिशेब अधिकच काटेकोर करावे लागतात.

राहिला लहान कामाचा प्रश्न. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने आपली कक्षा दहा वा अधिक कामगारांच्या आस्थापनांपासून सुरू केली, त्यामुळे सात-आठ माणसांचे घर त्याच्या बाहेर राहिले. यावरून असा अर्थ काढणे की तेथे धोका कमी आहे, हे तर्काला धरून नाही. नऊ मीटरवरून निसटलेली वीट सव्वा सेकंदाहून थोड्या अधिक वेळात जमिनीवर येते आणि तेव्हा तिचा वेग ताशी सुमारे अठ्ठेचाळीस किलोमीटर असतो. खाली किती माणसे हजेरीवर आहेत हे ती पाहत नाही. उलट मोठ्या कामावर पाळण्याखालची जागा अडवलेली असते, लहान कामावर त्याच जागी वाळू चाळली जाते आणि कधी मूलही खेळते. पाळण्याच्या चारी बाजूंना विटांच्या थरापेक्षा उंच फळ्या असाव्यात आणि पाळण्याखालची, भिंतीपासून निदान तीन मीटरची जागा बांबू आडवे बांधून बंद करावी, यासाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

दररोजचा पहिला पाळणा नेहमीच्या मर्यादेपेक्षा पाव भाग अधिक भरून जमिनीपासून फूटभर उचलावा, पाच मिनिटे तसाच धरावा, खाली कोणाला येऊ देऊ नये, आणि तेवढ्यात वरच्या माणसाने बल्लीचे आतले टोक, आकड्याचे तोंड आणि कप्पीचा आस पाहून घ्यावा. हे एवढे झाल्याशिवाय विटा चढवू नयेत. दोर तपासण्याची दहा मिनिटे आणि ही पाच, असा पंधरा मिनिटांचा हा खटाटोप आहे. तो परवडत नाही असे म्हणणाऱ्याने आपल्या कामाच्या खर्चात त्या पंधरा मिनिटांची मजुरी किती होते ते एकदा लिहून पाहावे आणि मग जाहीर सांगावे.

माझे शेवटचे सांगणे ठेकेदारांना नाही, घर बांधून घेणाऱ्यांना आहे, कारण करारनाम्यावर पहिली सही त्यांची असते. करारनाम्यात लाद्यांचा रंग आणि नळांचा प्रकार आपण तपशिलाने लिहून घेतो. त्यातच तीन कलमे वाढवावीत: विटा चढवण्याची मजुरी हजारी भावाने न देता रोजाने द्यावी, दोर, कप्पी आणि खटक्याचा आकडा नवा आणून त्याचा खर्च मालकाने सोसावा, आणि बल्ली जखडल्याशिवाय पहिला पाळणा उचलू नये. ही कलमे ज्या ठेकेदाराला नामंजूर असतील, त्याला काम देऊ नये.